बारावी नोंद बेवारस

इस्पितळाच्या भांडारात मी एकतीस वर्षं काढली. कापसाच्या बंडलापासून सलाइनच्या खोक्यापर्यंत जे काही आत आलं आणि बाहेर गेलं, ते माझ्या हाताखालून गेलं. तिथे मला सगळे मागून ‘मोजणीबाई’ म्हणत. मागून म्हणत, पण मला ऐकू यावं इतक्या जवळून. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर मोजायला घर उरलं, आणि घरात अण्णा, म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही कान कामचुकार, हृदयात दोन स्टेंट. जिना चढायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली, म्हणून ते खाली झोपतात आणि मी वरच्या खोलीत.

तर झालं असं, की धाकट्याचा व्हिडिओ कॉल सारखा अडकायला लागला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, परदेशात असतो. त्याचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज मागाहून यायचा. मी म्हटलं, आपलं नेट कोणीतरी ओढतंय. लॅपटॉप घेऊन राउटरच्या पानावर गेले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. बारा नोंदी.

एकेक वस्तू बंद करायची, यादी ताजी करायची, कोणतं नाव गेलं ते बघायचं. अशी मोजणी सुरू केली. माझा फोन, माझा जुना फोन, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, टीव्हीखालचा डबा, अण्णांचा फोन, अण्णा पेपर मोठा करून वाचतात तो टॅब, स्पीकर, रक्तदाबाचं यंत्र. अकरावा निघाला अण्णांच्या उशाशी ठेवलेला दिवा. तो धाकट्याने मागच्या खेपेला आणला होता. पहाटे आपोआप लागतो. अण्णा मात्र दोन मिनिटांत बटण दाबून विझवतात. एवढा महागाचा दिवा आणायचा आणि दोन मिनिटं लावायचा, हा हिशेब मला कधी पटला नव्हता.

बारावी नोंद कशानेच जाईना. घरातली शेवटची वस्तू बंद केली तरी नाव तिथेच, फक्त फिकट. नाव तरी कसलं, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. शेजारी वेळ होती, शेवटचं कधी दिसलं त्याची. पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठवडाभर मी वही घालून नोंद ठेवली. हे जे कोण होतं ते रोज पहाटे साडेपाचच्या सुमाराला यायचं, अर्धं-पाऊण मिनिट थांबायचं आणि गायब व्हायचं. पुन्हा दुपारी दोनच्या आसपास. पुन्हा चारला. पुन्हा रात्री नवाच्या पुढेमागे. सातव्या दिवशी वही पुन्हा वाचली आणि त्या वेळा ओळखीच्या निघाल्या. पहाटे साडेपाचला मी उठून खोलीबाहेर येते, गच्चीवर कुंड्यांना पाणी घालते, हातपाय हलवते आणि साडेसहाला खाली उतरून चहा टाकते. दुपारी दोनला पडायला वर जाते. चारला उतरते. नवाला पुन्हा वर. म्हणजे हे जे काही होतं, ते माझ्या जाण्यायेण्यावर डोळा ठेवून होतं.

संशयित तीन होते. पहिली आमची भाडेकरीण, मागच्या दोन खोल्यांत राहते आणि मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. तिचं नेट वेगळं आहे, पण गेल्या वर्षी तिचं बंद पडलं तेव्हा एका दिवसापुरता आमचा पासवर्ड तिने नेला होता. एका दिवसापुरता दिलेला पासवर्ड परत कसा घेणार? कात्री असती तर परत मागितली असती. दुसरी फिजिओ, एक दिवसाआड अण्णांचे व्यायाम घ्यायला येते. तिच्याकडे दोन फोन आहेत. माणसाला दोन फोन कशाला लागतात, हे मला कोणी समजावून सांगावं.

आणि तिसरा धाकटा.

त्याच्यावर संशय घ्यायला जीभ उचलत नव्हती, पण मन केव्हाच तिथे पोचलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मी वर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. दोन तास तशीच होते. मग आपली आपण उठले आणि खाली येऊन चहा टाकला. धाकटा विमान पकडून आला, पंधरा दिवस राहिला आणि माझ्या गळ्यात घालायला एक लाल बटण घेऊन आला. पडलीस की दाब म्हणे. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्याला सुनावलं, “मला पहारा नको. मी अण्णांना सांभाळते, मला सांभाळायला कोणी नको.” तो गप्प बसला. तो इतक्या लवकर गप्प बसणाऱ्यातला नाही. जाण्यापूर्वी त्याने घरात हे दुरुस्त कर, ते बदल, असं बरंच केलं. माझ्या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून चौकटीला चुंबकाची पांढरी डबीसुद्धा बसवली. दार तरीही आपटतंच. माल सुमार निघाला.

आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. ताई अण्णांकडे नीट बघते की नाही, कधी उठते, दुपारी किती वेळ झोपते, हे बघायला साहेबांनी कुठेतरी कॅमेरा बसवलाय. मी घड्याळामागे पाहिलं, तसबिरींमागे पाहिलं, झरोक्यात टॉर्च मारला. टीव्हीच्या कपाळावर एक टिकली होती, तिच्यावर चिकटपट्टी लावली. काही सापडलं नाही.

शेवटी फोनवर विचारलंच. “आपल्या नेटवर एक अनोळखी काहीतरी दिसतंय रे. तुझं आहे का?”

तो अडकला. या वेळी दोष नेटचा नव्हता. “असेल काहीतरी जुनं. राहू दे ना ताई.”

“राहू दे कसं? पासवर्डच बदलते.”

“बदलणार असशील तर मला आधी सांग हं. दिवस-वेळ सांग. प्लीज.”

चोराच्या तोंडून आणखी काय ऐकायला हवं होतं? भांडाराची मोजणी मी कधीही आधी जाहीर केली नाही. तारीख सांगितली की कपाटं रातोरात भरतात. मी म्हटलं, “बरं, सांगेन,” आणि त्याच क्षणी ठरवलं की सांगायचं नाही.

अण्णांनाही विचारलं, रीत म्हणून. वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि कानात ओरडले, “हे यंत्र तुमचं आहे का?”

त्यांनी आकड्यांची खिचडी बराच वेळ पाहिली. “मला त्यातलं काय कळतं पोरी,” म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

भाडेकरणीला विचारलं, ती म्हणाली माझं नाही. फिजिओने दोन्ही फोन काढून दाखवले, एक तिच्या आईचा होता, दुरुस्तीला न्यायचा. इस्पितळात आमचा नियम होता: वस्तू कोणाची म्हणून तीनदा विचारायचं, कोणीच पुढे आलं नाही तर रजिस्टरात ‘बेवारस’ लिहून बाहेर काढायची. मी बाराव्या नोंदीपुढे लाल शाईने बेवारस लिहिलं. पासवर्ड बदलला की ज्याचं अडेल तो आपणहून बोंब मारत येईल, आणि मला कळेल कोण ते.

मग पासवर्ड. जुना होता आमच्या बंद पडलेल्या लँडलाइनचा नंबर. अर्ध्या गल्लीला पाठ, आणि वर मीटरशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला. लाजच वाटली मला. पहिल्या झटक्यात मी असा बनवला की पाहणाऱ्याला घेरी यावी: लहान-मोठी अक्षरं, चांदण्या, टक्के, हॅश. मग तालीम म्हणून तो टीव्हीच्या रिमोटने टाईप करून पाहिला. एकेक अक्षर बाणाने शोधत तीनदा चुकला. अण्णांना फोनवर सांगायची वेळ आली तर काय सांगणार, ‘आता चांदणी, मग उलटी काठी’? जो सांगता येत नाही तो शेवटी भिंतीवरच लिहिला जातो. म्हणून ठरवलं, साधे शब्द घ्यायचे, पण पाच, आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. लांबीच इतकी की अंदाजाने कोणी पोचू नये. आणि शब्द मी निवडायचे नाहीत. मी निवडले असते तर कापूस, पट्टी, सलाइन असेच निघाले असते आणि मला ओळखणाऱ्याने चहा पिता पिता ओळखले असते.

अण्णांचा जाडजूड शब्दकोश काढला. त्यांना म्हटलं, “डोळे मिटा, पान उघडा, बोट ठेवा.”

“कशाला?”

“खेळ आहे.”

त्यांना मजा वाटली. डोळे घट्ट मिटून, लहान पोरासारखे ओठ आत घेऊन त्यांनी बोट ठेवलं. मगर. लोटा. सुतार. मग आलं ‘दिवा’. तो मी बाद केला, कारण इंग्रजीत तो दोन तऱ्हांनी लिहितात आणि सांगताना घोळ होतो. “चांगला शब्द होता,” अण्णा म्हणाले. मग टिकली, आणि शेवटी बदाम. सगळी इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. मगर-लोटा-सुतार-टिकली-बदाम. सुताराने मगरीला लोट्यातून पाणी पाजलं, टिकली लावली आणि बदाम दिला, असं चित्र मनात धरलं की विसरायची सोय नाही. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड ठेवायचा, म्हणजे फिजिओला आमच्या मगरीचं तोंड बघायला नको.

शुक्रवारी वहीत तक्ता आखला. वस्तू, जागा, कोणाची, पासवर्ड कशावरून घालायचा, कितवा नंबर. पासवर्ड बदलला की क्षणात सगळं तुटणार, म्हणून लॅपटॉप केबलने राउटरला जोडायचा. राउटरच्या पानात शिरायचा पासवर्ड अजून त्याच्याच बुडाशी चिकटवलेलाच होता, तोही बदलायचा. मग माझा फोन, मग अण्णांचं रक्तदाबाचं यंत्र, कारण त्याचे आकडे डॉक्टरांकडे जातात. त्यानंतर टॅब, टीव्ही, प्रिंटर. अण्णांच्या दिव्याला सगळ्यात शेवटचा नंबर. त्याला ना कळफलक ना पडदा. त्याचं ॲप धाकट्याच्या फोनवर, म्हणजे धाकट्याला सांगावं लागणार. दिवाच तर आहे, वरती बटण आहे, दोन दिवस हाताने लावतील. त्याच्यापुढे मी लिहिलं: घाई नाही.

शनिवारी अकराला सुरुवात केली आणि एकच्या आत दहा वस्तूंपुढे बरोबरची खूण केली. प्रिंटरने थोडा अंगचोरपणा केला, बाकी सगळं सरळ. इतकी नीट मोजणी भांडारातही क्वचितच झाली असेल. मग मी कान टवकारून बसले.

भाडेकरीण दिवसभर त्रिकोण शिकवत होती, भिंतीपलीकडून आवाज येत होता. तिचं काही अडलं नव्हतं. फिजिओचा दिवस नव्हता. धाकट्याचा फोन आला नाही. राउटरची यादी दर तासाला पाहिली, बारावा कुठेच नव्हता. दोनला नाही, चारला नाही, नवाला नाही. त्याचा गळा आवळला गेला होता आणि मी खूश होते. हो, खूश होते, ते लपवायचं कशाला?

रविवारी साडेपाचला उठले. दार उघडलं, गच्चीवर गेले. शेवंतीला कीड लागली होती, पानं एकेक पुसत बसले. नेहमीपेक्षा जास्तच वेळ गेला असेल. खालून कसलासा आवाज आला असं वाटलं, पण गच्चीवर असले आवाज येतच असतात. पाणी संपलं म्हणून झारी घेऊन आत आले आणि जिन्याकडे पाहिलं.

अण्णा जिन्यात बसले होते. सोळा पायऱ्यांतल्या अकराव्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून, अनवाणी. चेहरा राखेसारखा. तोंड उघडं, आणि श्वास घेताना कोणीतरी करवत चालवावी तसा आवाज.

झारी कुठे पडली ते मला आठवत नाही. त्यांच्या शेजारी बसले, पाठीला हात लावला, सदरा घामाने चिंब. “अण्णा, काय हे? कशाला चढलात? हाक का नाही मारलीत?”

“मारली,” ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. माझा हात त्यांनी चाचपला, मनगट, कोपर, जणू मी सगळी जागेवर आहे का ते मोजत होते. “उजेड पडला नाही.”

“कसला उजेड?”

“दिवा. तू दार उघडलंस की लागतो ना. वीस मिनिटं बघितलं. लागलाच नाही.” त्यांचे डोळे भरून आले. “त्या वेळी तू वर पडली होतीस आणि मी खाली चहाची वाट बघत बसलो होतो. दोन तास. चहाला उशीर का म्हणून मनात रागावत होतो तुझ्यावर. पुन्हा नाही बसणार मी असा.”

माझी नजर आपोआप वर गेली. खोलीच्या चौकटीवर ती पांढरी डबी होती. वाऱ्यासाठी बसवलेली. दार न अडवणारी. सुमार माल.

माझी हाक ऐकून भाडेकरीण धावत आली, दोघींनी मिळून त्यांना एकेक पायरी उतरवलं. तिनेच गाडी काढली. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, गोळी जिभेखाली ठेवली, दुपारपर्यंत नजरेखाली ठेवलं आणि मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. “या वेळी निभावलं,” एवढं मात्र लिहिते. परत येताना भाडेकरणीने अण्णांना हात धरून गाडीत बसवलं, आणि मी आठवडाभर तिच्याविषयी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी धाकट्याला फोन लावला. रागावायचं होतं, पण आधी झालेलं सांगितलं आणि त्या डबीचं विचारलं. तो सांगू लागला.

“दार उघडलं की ती डबी क्षणभर जागी होते, निरोप पाठवते आणि पुन्हा झोपते. बॅटरी वाचवायला. म्हणून ती तुला कायम दिसत नव्हती. सकाळी पाच ते आठमध्ये निरोप आला की दिवा लावायचा, एवढंच. कॅमेरा नाही, काही नाही. माझ्या फोनवरही मी काही बघत नाही गं. ते फक्त अण्णांसाठी.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तू बटण ड्रॉवरमध्ये टाकलंस. हेही टाकलं असतंस.”

टाकलं असतं.

“अण्णांनीच सांगितलं होतं, तिला कळू देऊ नकोस म्हणून. तिला पहारा आवडत नाही. पासवर्ड बदलायच्या आधी सांग म्हटलं होतं ताई. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दोन दिवस पाहुण्यांच्या जाळ्याला देऊन ठेवला असता. दिवा आणि डबी त्याच्यावर चालू राहिली असती, आणि आपण निवांत एकेक करून नव्यावर आणलं असतं.”

एकतीस वर्षं भांडार सांभाळलं आणि हे सुचलं नाही. जुनं कपाट रिकामं झाल्याशिवाय कुलूप लावायचं नसतं, हे मीच नव्या मुलींना शिकवत असे.

त्याने ॲप अण्णांच्या फोनवर घ्यायला लावलं. दिव्याचं बटण पाच सेकंद दाबून धरलं, तो भराभर मिचकायला लागला. नवा पासवर्ड मी मोठ्याने म्हणत टाईप केला, आणि पलंगावरून अण्णा म्हणाले, “हा तर आपला खेळ.” मग स्टुलावर चढून डबी काढली, आतलं बारीक बटण पिनेने दाबलं. तीही जोडली गेली. दोघांची गाठ पुन्हा बांधून दिली. मी दार उघडून-मिटून पाहणार होते, पण अण्णा म्हणाले, “आत्ता नको. सकाळी बघू.”

झोपायला जाण्यापूर्वी वही उघडली. दिव्यापुढचं ‘घाई नाही’ खोडलं आणि नंबर शेवटचा होता तो पहिला केला. बारावी ओळ लाल शाईत होती. बेवारस हा शब्द खोडला. वस्तू: दाराची डबी. जागा: माझ्या खोलीची चौकट. कोणाची, या रकान्यात पेन थोडा थांबला. मग लिहिलं, अण्णांची. ड्रॉवरमधलं लाल बटणही काढलं आणि तेरावी ओळ आखली.

सकाळी साडेपाचला दार उघडलं. गच्चीकडे न जाता जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. खाली अंधार होता. मी मोजत होते, सवयच ती. चार, पाच, सहा. सातव्याला खालच्या फरशीवर पिवळा उजेड पडला.

आणि लगेच विझला. निरोप पोचला होता. आठ महिने मी समजत होते, अण्णा वीज वाचवतात.